तारीख सतरा, वार कोणता? प्रमुख पाहुण्यांना पाठवलेल्या दोन पत्रांचं प्रकरण

पार्श्वभूमी

आमची शाळा तालुक्याच्या गावातली, अनुदानित, मराठी माध्यमाची. पाचवी ते दहावी, प्रत्येक इयत्तेच्या तीन तुकड्या, पट १,०६०. सांस्कृतिक विभाग माझ्याकडे असल्याने जानेवारीतल्या वार्षिक पारितोषिक वितरणाची तयारी माझ्याच गळ्यात असते. शाळेचं, गावाचं आणि माणसांचं नाव इथे दिलेलं नाही. काही तपशील ओळख पटू नये म्हणून थोडे बदलले आहेत.

त्या वर्षी प्रमुख पाहुण्या म्हणून कुणाला बोलवायचं यावर वाद झालाच नाही. जुन्या अकरावी मॅट्रिकच्या काळातल्या आमच्याच एक माजी विद्यार्थिनी कृषी विद्यापीठातून मृदाशास्त्रज्ञ म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि पुण्यात राहत होत्या. शाळेपासून अंतर १३० किलोमीटर, मध्ये घाट, म्हणजे तीन तासांचा प्रवास. निम्म्याहून जास्त मुलं शेतकऱ्यांच्या घरची, त्यामुळे मातीवर बोलणारं माणूस मिळालं म्हणून सगळे खूष होते.

२२ डिसेंबरला पत्र गेलं. ते मी लिहिलं असं म्हणणं धाडसाचं होईल. कार्यालयातल्या संगणकावर मागच्या वर्षीचं पत्र होतं, त्यात नाव आणि तारीख बदलली, मुख्याध्यापकांची सही घेतली, शिक्का मारला, जावक क्रमांक टाकला. मुख्य मजकूर असा होता :

"उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यास अत्यंत आनंद होतो की, आमच्या विद्यालयाचा वार्षिक पारितोषिक वितरण समारंभ शुक्रवार, दि. १७ जानेवारी रोजी सकाळी ९ वाजता विद्यालयाच्या प्रांगणात संपन्न होत आहे. तरी सदर प्रसंगी आपण प्रमुख पाहुणे म्हणून उपस्थित राहून विद्यार्थ्यांना बहुमोल मार्गदर्शन करावे व आपल्या शुभहस्ते पारितोषिक वितरण करावे, ही नम्र विनंती."

असली पत्रं महाराष्ट्रातल्या हजारो शाळांतून जातात. भाषेत चूक काढायला जागा नाही, आणि वाचून पाहुण्याला कळत मात्र काहीच नाही.

अडचण

२६ तारखेला मधल्या सुट्टीत मॅडमचा फोन आला. शिक्षक-खोलीत लेझीमच्या मुलांची यादी हाताशी होती, तिच्या पाठीमागे मी त्यांचे प्रश्न लिहून घेतले. तो कागद अजून फाइलला आहे.

"सर, शुक्रवार की सतरा तारीख? सतराला शनिवार आहे."

मागच्या वर्षीचा समारंभ शुक्रवारी झाला होता. तारीख बदलली, वार तसाच राहिला. ही चूक निदान दिसणारी होती. पुढचे प्रश्न ऐकताना मला घाम फुटला. समोर कोण बसणार, दहावीची मुलं की पाचवीची? एकूण किती जण? मी किती वेळ बोलायचं? माझ्याशिवाय आणखी कोण बोलणार? नऊ म्हणजे नऊलाच का, कारण मग मला पहाटे साडेपाचला निघावं लागेल. आणि शेवटचा प्रश्न : "पारितोषिक वितरण म्हणजे बक्षिसं किती? माझे गुडघे दुखतात. दहा मिनिटं उभी राहीन, तासभर नाही जमायचं."

एकाचंही उत्तर मला देता आलं नाही. मी विसरभोळा आहे म्हणून नव्हे. शाळेत कुणालाच ती उत्तरं माहीत नव्हती, कारण कुणी काही ठरवलंच नव्हतं. कार्यक्रम नऊला छापायचा, दहाला सुरू करायचा, संपेल तेव्हा संपवायचा, अशी आमची वहिवाट. जे आम्ही ठरवलं नव्हतं ते सगळं त्या पत्रातून आपोआप पाहुण्यांच्या अंगावर ढकललं गेलं होतं.

कोणते पर्याय होते

२९ डिसेंबरला मुख्याध्यापक, पर्यवेक्षिका बाई, क्रीडाशिक्षक आणि मी बसलो.

मुख्याध्यापकांचं म्हणणं सरळ होतं : फोन करून सांगून टाका, पुन्हा पत्राचा उपद्व्याप कशाला. यात वेळ वाचला असता. पण फोनवर जे ठरतं ते दोघांनाच माहीत असतं. सूत्रसंचालन करणाऱ्या शिक्षिकेने, मंडपवाल्याने आणि गाडीच्या ड्रायव्हरने, प्रत्येकाने आपापल्या समजुतीने वागायचं, हे आम्ही आधी भोगलेलं होतं. शिवाय सांगून टाकायचं तरी काय?

संस्थेच्या एका सदस्यांनी निरोप पाठवला होता की एवढे प्रश्न विचारणाऱ्या पाहुण्या नकोत, गावातल्या एखाद्या पुढाऱ्याला बोलवा. ते येतात, बोलतात, जातात. हा पर्याय वाटतो तितका वाईट नव्हता. त्यात आम्हाला काहीच ठरवावं लागलं नसतं, आणि खरं तर म्हणूनच तो आम्ही सोडला.

क्रीडाशिक्षकांनी सुचवलं की समारंभ संध्याकाळच्या स्नेहसंमेलनाला जोडू, नाच बघायला पालक येतातच, गर्दी आयती मिळेल. पण रात्री दहाला ध्वनिवर्धक बंद करावा लागतो. दीड तासाचा समारंभ पुढे ठेवला तर शेवटच्या नाचांवर गदा येणार, आणि मॅडमना मुक्काम करावा लागणार. तेही बाजूला पडलं.

राहिलं ते एकच : आधी आपण ठरवायचं आणि मग नवं पत्र पाठवायचं. पत्राला अर्धा तास लागला. ठरवायला अडीच तास गेले.

बक्षिसांचा हिशेब

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. यादी काढली तर बक्षिसं निघाली १४८. अठरा तुकड्यांचे पहिले तीन क्रमांक म्हणजे ५४, क्रीडास्पर्धांची ४६, आणि शिष्यवृत्ती, वक्तृत्व, चित्रकला, आदर्श विद्यार्थी वगैरे मिळून ४८. मागच्या वर्षीच्या समारंभाचं चित्रीकरण होतं. ते लावून घड्याळ धरलं. नाव पुकारणं, मुलाने मैदानातून उठून येणं, पायऱ्या चढणं, नमस्कार, बक्षीस, फोटोसाठी थांबणं, उतरणं. दहा बक्षिसांना चार मिनिटं दहा सेकंद लागली होती, म्हणजे एकाला पंचवीस सेकंद. त्या दराने १४८ बक्षिसांना तासाच्या वर वेळ जाणार होता.

आमच्या पत्रात त्याला दोन शब्द होते : पारितोषिक वितरण. त्या दोन शब्दांत अडुसष्ट वर्षांच्या बाईंना आम्ही तासभर उभं करणार होतो.

पहिला विचार आला की व्यासपीठावर फक्त पहिला क्रमांक द्यायचा, बाकीची बक्षिसं सोमवारी वर्गात. त्यावर पर्यवेक्षिका बाई उसळल्या. "दुसरा नंबर आलेल्या पोरानं काय गुन्हा केलाय? त्याची आई साडी नेसून येणार आणि पोरगं खालीच बसणार?" बाईंचं बरोबर होतं. शेवटी असं ठरलं की प्रत्येक तुकडीच्या तिन्ही मुलांना एकदम वर बोलवायचं. ती आधीच पायऱ्यांशी रांगेत उभी असतील. मॅडमच्या हस्ते तिघांना बक्षीस, चौघांचा एक फोटो. एका तुकडीला चाळीस सेकंद धरली तर अठरा तुकड्यांची बारा मिनिटं. संघांचे कर्णधार, शिष्यवृत्ती आणि विशेष पुरस्कार मिळून २२ जण एकेकटे, त्यांची नऊ मिनिटं. उरलेली बक्षिसं वर्गशिक्षकांनी द्यायची. एकवीस मिनिटं झाली, पत्रात आम्ही पंचवीस लिहिली. आणि व्यासपीठाच्या मध्यभागी मॅडमसाठी एक खुर्ची. बसून बक्षीस देणं बरं दिसत नाही असं मुख्याध्यापकांना वाटलं, पण मॅडमनीच मागितलं तर हरकत नाही यावर ते थांबले.

समोर कोण, आणि भाषण कधी

पहिल्या पत्रात प्रेक्षकांबद्दल एक शब्द नव्हता. "सर्व विद्यार्थी" म्हणायला काय जातं, पण पाचवीच्या आणि दहावीच्या मुलांना एकाच वेळी मातीबद्दल वीस मिनिटं सांगणं कसलेल्या वक्त्यालाही जड जातं. म्हणून आठवी ते दहावीची सगळी मुलं, सुमारे ५२०, आणि पाचवी ते सातवीची फक्त बक्षीसपात्र मुलं बोलवायची असं ठरलं. पालकांचा अंदाज मंडपवाल्याच्या बिलावरून काढला. मागच्या वर्षी ३०० खुर्च्या होत्या आणि फोटोत मागच्या दोन रांगा मोकळ्या दिसत होत्या. म्हणजे अडीचशे. एकूण सुमारे ८००.

आमच्याकडे आधी बक्षिसं आणि मग पाहुण्यांचं मनोगत अशी रीत. त्यात होतं असं की बक्षीस मिळालेली मुलं वेष्टन फाडण्यात रमतात, पालक मुलाला घेऊन हळूच फाटकाकडे सरकतात, आणि पाहुणे रिकाम्या खुर्च्यांना मार्गदर्शन करतात. या वेळी क्रम उलटा केला. बक्षिसं शेवटी ठेवल्याने पालक बसून राहणार होते.

वेळही बदलली. सकाळी साडेदहा ते बारा, आणि साडेदहा म्हणजे साडेदहाच. मॅडमना सातला निघून दहाला पोहोचता येणार होतं.

दुसरं पत्र

३० डिसेंबरला हे पत्र गेलं. टपालाने, आणि फोटो काढून व्हॉट्सॲपवरही. नाव-पत्ता वगळून मजकूर जसाच्या तसा :

"विषय : वार्षिक पारितोषिक वितरण समारंभास प्रमुख पाहुणे म्हणून निमंत्रण.

महोदया, सप्रेम नमस्कार.

दि. २२ डिसेंबर रोजी पाठविलेल्या पत्रात वाराची चूक होती व आवश्यक तपशील नव्हता, याबद्दल दिलगीर आहोत. ते पत्र रद्द समजून कृपया हे पत्र ग्राह्य धरावे.

आमच्या विद्यालयाचा पारितोषिक वितरण समारंभ शनिवार, दि. १७ जानेवारी रोजी सकाळी १०.३० ते १२.०० या वेळेत विद्यालयाच्या मैदानावर मंडपात होईल. आपण प्रमुख पाहुणे म्हणून यावे, अशी विनंती आहे. समारंभाच्या अध्यक्षस्थानी संस्थेचे अध्यक्ष असतील व समारोपाचे भाषण ते करतील.

समोर इयत्ता आठवी ते दहावीचे सुमारे ५२० विद्यार्थी, पाचवी ते सातवीचे बक्षीसपात्र विद्यार्थी व सुमारे २५० पालक असतील. निम्म्याहून अधिक मुले शेतकरी कुटुंबांतील आहेत.

आपल्याकडून तीन गोष्टींची अपेक्षा आहे. आरंभी दीपप्रज्वलन. त्यानंतर सुमारे ११ वाजता वीस मिनिटांचे मनोगत. विषय आपल्या आवडीचा, मात्र मातीविषयी बोललात तर मुलांना जवळचे वाटेल. शेवटी बक्षीस वितरण : अठरा तुकड्यांचे गट व २२ वैयक्तिक पुरस्कार, सुमारे २५ मिनिटे. व्यासपीठावर आपल्यासाठी खुर्ची असेल, बक्षिसे बसून दिली तरी चालेल. याव्यतिरिक्त कोणतेही उद्घाटन अथवा प्रकाशन ठेवलेले नाही.

मंडप उघडा असल्याने दिवसा पडद्यावर चित्रे दिसत नाहीत. काही दाखवायचे असल्यास टेबलाची सोय करू.

आपणांस नेण्या-आणण्यासाठी शाळेच्या खर्चाने गाडी येईल. मानधन देणे शाळेस शक्य नाही. १२.१५ वाजता भोजन व १ वाजता परतीचा प्रवास असे नियोजन आहे. जेवणाचे काही पथ्य असल्यास कळवावे.

निमंत्रणपत्रिका ६ जानेवारीस छपाईला जाईल. तरी आपला होकार अथवा नकार, तसेच पत्रिकेत नाव कसे छापावे हे ५ जानेवारीपर्यंत कळवावे. या तारखेस जमत नसल्यास निःसंकोच सांगावे."

खाली मुख्याध्यापकांची सही आणि संपर्कासाठी माझा एकच मोबाइल क्रमांक. पूर्वी आम्ही तीन क्रमांक द्यायचो आणि पाहुण्यांना तीन उत्तरं मिळायची.

मानधनाच्या वाक्यावर मुख्याध्यापक अडले होते. पत्रात "शक्य नाही" असं लिहायचं बरं दिसतं का? मी म्हटलं, न लिहिलं तर मॅडम विचारणार नाहीत आणि आपण सांगणार नाही, शेवटी शाल-श्रीफळ देताना सगळेच अवघडणार. वाक्य राहिलं.

मॅडमचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. होकार, नाव कसं छापायचं ते, सहा ओळींचा परिचय आणि तीन मागण्या : एक रिकामं टेबल, उभा माइक म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतील, आणि साडेबारापर्यंत जेवण, कारण त्यांना औषधाची वेळ पाळावी लागते.

त्या दिवशी काय झालं

मॅडम दहाला पाच कमी असताना उतरल्या. पिशवीत काचेची उभट बाटली होती, तळाशी आमच्याच शिवारातली माती. ती त्यांनी भाच्याकडून आठवडाभर आधी मागवून घेतली होती. व्यासपीठावर आल्या आल्या त्यांनी बाटलीत पाणी भरलं, खळाखळा हलवली आणि टेबलावर ठेवून दिली. पत्रात भाषणाची वेळ अकरा दिली होती, त्यामुळे मध्ये अर्धा तास आहे हे त्यांनी हेरलं होतं. त्यांना नेमका तेवढाच वेळ हवा होता. आमचे शिपाईमामा फुलदाणीशेजारचं गढूळ पाणी बघून बाटली उचलायला निघाले होते, त्यांना बाईंनी खुणेने थांबवलं.

सुरुवात मात्र साडेदहाला झाली नाही. संस्थेचे अध्यक्ष पावणेअकराला आले, दिवा दहा मिनिटांनी लागला. मग सत्कार. आमच्या हिशेबात दोघांचा सत्कार होता, पण आयत्या वेळी संस्थेकडून चिठ्ठी आली आणि चौदा जणांना शाल-श्रीफळ दिलं गेलं. अकराचं भाषण अकरा पस्तीसला सुरू झालं.

भाषण वीस मिनिटांत संपलं, ठरल्याप्रमाणे. त्यांनी बाटली उचलून दाखवली. तळाशी वाळू बसली होती, तिच्यावर गाळाचा बारीक थर, आणि वर पाणी अजून चहासारखं. वाळू मिनिटभरात बसते, गाळाला तास-दोन तास लागतात, चिकणमाती दिवस-दिवस खाली येत नाही. म्हणून आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते आणि म्हणूनच ती वाफशावर नसताना नांगरली तर ढेकळं पडतात, असं त्या म्हणाल्या. मागच्या खुर्च्यांवरचे दोन-तीन शेतकरी पालक उठून पुढे आले आणि उभे राहून ऐकू लागले.

आमचा दुसरा अंदाज चुकला. पाचवी ते सातवीच्या मुलांना घरी थांबायला सांगितलं होतं, पण मोठ्या भावंडांबरोबर दीडेकशे लहान मुलं आलीच आणि लहान म्हणून सगळ्यात पुढे बसली. बाटली दिसेपर्यंत ती गप्प होती, नंतर नाही.

बक्षिसं तेवीस मिनिटांत झाली. पहिल्या चार तुकड्या मॅडमनी उभं राहून दिल्या, मग खुर्चीवर बसल्या. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही, उलट पाचवीची मुलं त्यांच्या उंचीची झाल्याने फोटो चांगले आले. वेळ बारा अठरा. अजूनही साडेबाराला जेवण शक्य होतं. मग अध्यक्षांचं समारोपाचं भाषण सुरू झालं. त्याला सात मिनिटं धरली होती. ते एकोणतीस मिनिटं बोलले.

बारा चाळीसला बाईंनी व्यासपीठाच्या मागून एक केळं आणि दोन बिस्किटं रुमालात गुंडाळून मॅडमच्या हातात दिली. त्यांनी ती मान खाली घालून खाल्ली. समोर आठशेहून जास्त माणसं होती. जेवण एक वाजून दहा मिनिटांनी झालं, गाडी दोनला सुटली.

बाटली टेबलावरच राहिली. संध्याकाळी मॅडमचा निरोप आला : परत पाठवू नका, हलवू नका, रोज पाणी कसं दिसतं ते मुलांना लिहायला सांगा. नववीच्या वहीत शेवटची नोंद सहाव्या दिवसाची आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पाहुण्यांना पाठवलेलं पत्र नीट होतं. घोटाळा झाला तो ज्यांना पत्र गेलंच नाही त्यांच्यामुळे. अध्यक्षांच्या हातात फक्त छापील पत्रिका होती आणि तिच्यावर "अध्यक्षीय मनोगत" एवढंच होतं. सात मिनिटं हा आकडा आमच्या कागदावर होता, त्यांच्या नाही. त्यांच्यावर राग धरण्यात अर्थ नव्हता. मॅडमना जे सांगितलं तेच त्यांना सांगितलं असतं, तर ते कदाचित पंधरा मिनिटं बोलले असते. सत्काराची यादीही तशीच. ती आदल्या दिवशी संस्थेकडून सहीनिशी मागून घ्यायला हवी होती.

साडेबारा ही औषधाची वेळ आहे हे मला आणि बाईंना माहीत होतं, सूत्रसंचालन करणाऱ्या शिक्षिकेला नव्हतं. पत्राची आणि उत्तराची एकेक प्रत तिच्या हातात असती तर आभार प्रदर्शन तिने दोन वाक्यांत उरकलं असतं. आभारांना आठ मिनिटं लागली, मंडपवाल्यापर्यंत सगळ्यांची नावं आली.

प्रेक्षकसंख्येबाबत मला अजून नक्की उत्तर सापडलेलं नाही. लहान मुलांना येऊ नका म्हणणं तालुक्याच्या गावात चालत नाही, ती येतातच. पुढच्या पत्रात "पुढच्या रांगांत लहान मुलेही असू शकतील" असं वाक्य घालायचं आहे. ते खरं असेल आणि वक्त्याला तयारीत उपयोगी पडेल.

वर्गात दिलेल्या बक्षिसांबद्दल चार पालक भांडायला आले. दोघांचं समाधान झालं, दोघांचं नाही.

यंदाचं पत्र नोव्हेंबरातच तयार आहे, वार दोनदा तपासला आहे. अध्यक्षांनाही तसंच पत्र द्यायचं हे सगळ्यांना मान्य आहे. त्यात "सात मिनिटे" हे शब्द कुणी लिहायचे आणि ते पत्र नेऊन कुणी द्यायचं, यावर दोन बैठका झाल्या आहेत.